गोळी उठली का?

आमच्या आत्याबाईंचे गुलाबजाम काष्टीपासून श्रीगोंद्यापर्यंत नावाजलेले होते. त्यांची जीभही. आत्याबाई म्हणजे माझी सासू. तोंडावर मी त्यांना ‘तुमी’ म्हणत आले आणि मनातल्या मनात एकेरीवर येत आले. बावीस वर्षं असंच चाललं. इथे मात्र अहोजाहोच करते. उशिरा सुचलं, पण सुचलं.

आम्ही साखरपुड्याचे, बारशाचे, लग्नाचे स्वयंपाक घेतो. मोठ्या कढया, पराती, भट्ट्या घरच्याच. भांडी टेम्पोत घालून नवरा पोचवतो, स्वयंपाक आम्ही बायका करतो. भाजी-आमटीला गल्लीतली एक, पुऱ्यांना दुसरी, आणि गोडाला आत्याबाई. मी गोडाच्या हाताखाली. कोणी विचारलं, गुलाबजाम कोणाच्या हातचे, की आत्याबाई पदर सावरायच्या आणि मी परात उचलून आत जायची.

मी पाथर्डीकडची. आमच्याकडे डोंगर आणि दगड जास्त, दूधदुभतं कमी, त्यामुळे खव्याचा गोळा मी लग्नानंतरच पहिल्यांदा हातात धरला. आत्याबाईंना हे फार आवडायचं. चार माणसांत सांगायच्या, आमच्या सुनेला खवा म्हणजे साबण वाटला हुता. मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण लोक हसले की मीही हसायचे, नाहीतर चिडकी म्हणून आणखी एक गोष्ट तयार झाली असती.

शिकवायच्या मात्र चोख, हे मान्य करायलाच हवं. खवा ओला, मऊ घ्यायचा. परातीत तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं इतका रगडायचा की एक कण राहता कामा नये. कण राहिला की तिथूनच गोळी फाटते. मग मैदा, चिमूटभर सोडा, आणि दुधाचा हबका. मैदा पडल्यावर रगडणं बंद, फक्त गोळा करायचा, कारण तिंबलं की गुलाबजाम चिवट होतो. ओल्या फडक्याखाली थोडा वेळ ठेवायचा. वळताना आधी दोन्ही तळहातांत दाबायचं, मग दाब सोडत सोडत गोल फिरवायचं. गोळीवर केसाएवढी जरी चीर दिसली तरी पीठ कोरडं आहे, दुधाचा हात लावून पुन्हा मळायचं. त्या चिरेत तेल शिरतं, चीर तोंड वासते, आणि कढईभर चुरा होतो.

तळणं त्याहून अवघड, कारण त्यात काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. आच मंद. एक गोळी आधी सोडून बघायची. ती तळाला जाऊन बसली पाहिजे आणि सावकाश, आपली आपण वर आली पाहिजे. टाकल्या टाकल्या वर आली तर तेल जास्त तापलेलं आहे. मग बाहेरून झटकन तपकिरी होते, आत पीठ राहतं. वरची साल घट्ट झाली की पाकही आत शिरत नाही. गोळ्यांना झारा लावायचा नाही, तेल हलवायचं, त्या आपोआप फिरतात. एका घाण्याला पंधरा मिनिटं लागली तर लागू द्यायची. पाक कोमट असावा, आणि गुलाबजाम त्यात दोन-तीन तास राहावेत.

या सगळ्यात आत्याबाईंचे तीन प्रश्न ठरलेले. वळलेली गोळी माझ्यापुढे धरून, “चीर हाय का?” पहिली गोळी तेलात सोडून, “उठली का?” आणि शेवटी, “रंग आला का?” मी नवी होते तेव्हा हे मास्तरणीचे प्रश्न होते. उत्तर चुकलं की पिठाचा हात पाठीत बसायचा, तेही बाकीच्या बायकांसमोर. पण वीस-बावीस वर्षं झाली तरी प्रश्न सुटले नाहीत. माझा मुलगा दहावी झाला, बारावी झाला, माझी परीक्षा चालूच. झोपेतसुद्धा मी सांगितलं असतं की चीर आहे का नाही. तरी प्रत्येक घाण्याला पुऱ्यावालीच्या देखत, “सांग, उठली का?” ते ऐकून मला अंगाला मिरची लागल्यासारखं व्हायचं.

आणि त्यांची एक रीत होती. ज्याच्या हातानं पदार्थ बिघडला, त्यानंच तो पंगतीत वाढायचा. तोंड लपवायचं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या माहेरच्या गावात एका लग्नाचा स्वयंपाक होता. आत्याबाईंनी त्या दिवशी मुद्दाम कढईवर मला बसवलं. माहेरच्या माणसांत बसून मी हुरळले, आच वाढवली, गप्पा मारल्या. गुलाबजाम आतून कच्चे राहिले. आत्याबाईंनी बादली माझ्या हातात दिली. माझे वडील पहिल्याच ओळीत बसले होते. त्यांनी चमच्यानं गुलाबजाम कापला, आतली पांढरी गाठ बघितली, आणि मान खाली घालून ती गाठ सुद्धा खाल्ली. मी पुढच्या पानाकडे गेले. आत्याबाई मंडपाच्या खांबाला टेकून बघत होत्या आणि कोणाला तरी सांगत होत्या, पाथर्डीकडचा हात हाय, चालायचंच. ते मी विसरले नाही. वडील गेले तरी विसरले नाही.

अलीकडे आत्याबाईंना शुगर धरली होती. गोडावर नाव कमावलेल्या बाईला शुगर व्हावी, यावर गावानं चांगलं हसून घेतलं. त्यांची बोटं बधिर झाली होती. सुई टोचली तरी कळायचं नाही, गरम कप धरून बसायच्या. मी म्हणत होते, आता कढई माझ्याकडे द्या. नवऱ्यामार्फतही सांगून पाहिलं. त्यांचं एकच उत्तर, “माझा घाणा ज्या दिवशी बिघडंल, त्या दिवशी झारा खाली ठेवीन. त्याच्या आधी न्हाई.” मला कढई हवी होती. आयुष्यभर परात उचलून आत जायचा मला कंटाळा आला होता. आणि त्यांचा घाणा काही बिघडत नव्हता.

मग त्यांच्या भावाच्या नातीचा साखरपुडा ठरला. आत्याबाईंचं माहेर भीमेच्या काठचं, उसाचं, भरल्या घराचं. तिथं त्यांना आक्का म्हणतात आणि त्या आल्या की घरातली पोरंटोरं सुद्धा उठून उभी राहतात. भावानं सांगितलं होतं, बाकी काही करू नका, गुलाबजाम तेवढे आक्काच्या हातचे पाहिजेत, व्याह्यांना सांगून ठेवलंय. तीन दिवस आत्याबाईंच्या तोंडून दुसरा विषय नव्हता. टेम्पोत बसताना त्यांनी मला बजावलं, तिथं माझ्या भावजयांसमोर तुझं पाथर्डीचं काही बोलू नको. काय बोलणार होते मी? मला अजून कळलेलं नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भट्ट्या लावल्या. ऊन लख्ख होतं आणि गरमी म्हणून कोणीतरी उभा पंखा आमच्याकडे वळवून ठेवला. मी खवा रगडला. आत्याबाईंनी मैदा घातला, गोळा केला आणि वळायला घेतलं. भावजया येऊन बघत होत्या. आत्याबाईंनी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “हिला एवढी वर्सं शिकवतीय, पर माझ्या नजरंखालनं गेल्याबिगर हिच्या हातचं खरं न्हाई.” भावजया हसल्या. मी हसले नाही. त्या वेळी तरी नाही.

पंख्याच्या वाऱ्यानं फडकं वाळून एका बाजूला सरकलं होतं. वळलेल्या गोळ्या उघड्या पडून सुकायला लागल्या होत्या. एरवी मी लगेच फडकं भिजवून टाकते. त्या दिवशी नाही टाकलं. आत्याबाईंनी एक गोळी माझ्यापुढे धरली.

“चीर हाय का?”

चीर होती. एक नाही, तीन. उन्हात भेगाळलेल्या जमिनीसारखी गोळी दिसत होती. मी म्हणाले, “न्हाई.”

मला वाटलं, आता हात पाठीत बसणार. बघू दे भावजयांना, म्हातारी कशी आहे ती. पण आत्याबाईंनी मान हलवली आणि गोळी परातीत ठेवली. बोटं बधिर आहेत, लागलं नसेल हाताला, असं मी मनाशी म्हटलं. पण डोळे? वीतभर अंतरावर धरलेली गोळी होती ती.

मग तेल. त्यांनी पहिली गोळी सोडली. तेल जरा जास्तच तापलेलं होतं. गोळी तळाला टेकली न टेकली तोच बुडबुडे काढत वर आली. आत्याबाई कढईकडे वाकून बघत होत्या, अगदी रोखून.

“उठली का?”

का म्हणाले, ते विचाराल तर सांगता येणार नाही. पहिलं खोटं पचलं म्हणून असेल. “अजून न्हाई,” मी म्हणाले. “तळालाच हाय.”

आत्याबाईंनी हात लांब करून भट्टीचा कॉक चाचपला आणि आच वाढवली.

तेव्हा मला कळलं. गोळी त्यांच्या डोळ्यांसमोर तेलावर नाचत होती, काळी पडत होती, आणि त्यांना ती दिसत नव्हती. घरात त्या भिंतीच्या अंदाजानं फिरायच्या, चहाचा कप आधी चाचपून मग उचलायच्या, ते सगळं एका क्षणात माझ्या ध्यानात आलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती. एक गोळी वाया गेली होती, बाकी सगळं पीठ तसंच शिल्लक होतं. दुधाचा हात लावून पुन्हा मळता आलं असतं, तेल उतरवून निववता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी झाऱ्यानं ती काळी गोळी काढून भट्टीमागे टाकली आणि म्हणाले, “हां, आता उठली.”

पहिला घाणा सोडला तसं तेल चरचरलं. गुलाबजाम मंद आचेवर असले की कढई जवळजवळ गप्प असते. तो आवाज आत्याबाईंना डोळ्यांशिवायही कळत होता. त्या म्हणाल्या, आवाज लई येतोय. मी सांगितलं, पुऱ्यांच्या कढईचा आहे. पुऱ्यावालीनं चमकून माझ्याकडे बघितलं, कारण तिचं तेल अजून तापलंही नव्हतं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं मान वळवून कणकेत हात घातला. चिरा पडलेल्या गोळ्या फुटत होत्या, त्यांचा चुरा तेलात जळत होता. फुटलेल्या मी झाऱ्यानं बाजूला काढत होते, न बोलता.

चार-पाच मिनिटांत रंग आला. त्यांनी विचारलं, मी आला म्हणाले. त्यांचा हात थांबला.

“एवढ्यात?”

“येवढ्यात कुठं,” मी म्हणाले. “तुमालाच येळ कळंना झालाय.”

हे मी मोठ्यानं म्हणाले. भावजया अजून तिथंच होत्या. आत्याबाईंनी घाणा उपसून पाकात सोडला. त्यानंतर सगळे घाणे त्यांनी माझ्या उत्तरांवर तळले. मी उत्तरं देत गेले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मजाच येत होती.

पंगत बसायच्या वेळेला पुऱ्यावालीनं पाकातून एक गुलाबजाम काढून कापला. बाहेरून गडद, सुंदर. आत सुपारीएवढी कोरडी पांढरी गाठ, पाकाचा थेंब शिवलेला नाही. दुसरा कापला, तसाच. तिसरा तसाच. भाऊ तिथंच उभे होते. ते म्हणाले, जाऊ द्या, गावात माणूस पाठवतो, दुसरं काहीतरी गोड आणू, आक्काला कळूही द्यायचं नाही. चांगला माणूस. आत्याबाई कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आत्याबाई, समदे आतून कच्चे हायती. बादली भरून दिऊ का? तुमचीच रीत हाय.”

भाऊ मला म्हणाले, पोरी, असू दे. आत्याबाई उठल्या. “दे,” म्हणाल्या.

त्या पंगतीत गेल्या. माहेरच्या पंगतीत, व्याह्यांसमोर, नवं लुगडं नेसून, कच्च्या गुलाबजामांची बादली घेऊन. पहिल्या दोन पानांत नीट वाढलं. तिसऱ्या पानात त्यांनी गुलाबजाम आमटीच्या वाटीत सोडला, आमटी उडून समोरच्या पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. पुढं एक पानाबाहेर सतरंजीवर पडला आणि घरंगळत गेला. मुलाकडची पोरं हसायला लागली. कोणीतरी त्यांना गप्प केलं, ते जास्त वाईट होतं. विहीणबाईंनी चमच्यानं गुलाबजाम कापला, आतली गाठ शेजारणीला दाखवली आणि पानाच्या कडेला सारून ठेवली. आत्याबाईंना ते दिसलं नसणार. पण पानापानांवर चमचे थांबलेले ऐकू येत असतील. भाऊ बादली घ्यायला पुढं झाले तर त्यांनी हात झटकला. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी वाढलं. मी मंडपाच्या खांबाला टेकून बघत होते.

दुपार कलल्यावर आम्ही भांडी टेम्पोत भरली. नवरा पुढं बसला, आम्ही दोघी मागं, कढयांच्या मध्ये. आत्याबाईंच्या लुगड्यावर पाकाचे डाग वाळून कडक झाले होते. मला वाटलं, आता सुरू होईल, माझं माहेर, माझा हात, माझी अक्कल. मी उत्तरं तयार करून ठेवली होती. वडिलांची गोष्टही काढणार होते.

त्यांनी विचारलं, “पैली गोळी कधी उठली हुती?”

“टाकल्या टाकल्या,” मी म्हणाले. आता खोटं बोलायची गरज नव्हती.

“आन् चिरा?”

“हुत्या.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, तेच मला सहन होईना. मी म्हणाले, दिसत नव्हतं तर सांगायचं होतं आम्हाला, कढईवर बसायचंच कशाला. त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं, थोडं चुकीच्या दिशेला.

“सांगायचं काय त्यात. दोन वर्सं झाली, तुला इचारूनच तळत हुते की मी. तुझा माझ्यावर लई राग हाय, ते मला म्हाईत हाय. मी वागलेच तशी. पर तू कढईपाशी खोटं बोलशील, हे कदी मनात आलं न्हाई.”

एवढंच. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि घर येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. मी तयार ठेवलेलं एकही उत्तर उपयोगाचं नव्हतं. दोन वर्षं त्यांचा एकही घाणा बिघडला नव्हता, तो माझ्या डोळ्यांमुळे बिघडला नव्हता. तालुक्यात ज्या गुलाबजामांचं नाव होतं, त्यातला निम्मा हात माझा होता, आणि हे त्या बाईला माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं.

आता कढई माझ्याकडे आहे. गुलाबजाम चांगले होतात, कोणाची तक्रार नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, शुगरनं डोळ्यांचा पडदा खराब झालाय, उशीर केलात. आत्याबाई घरीच असतात. भांडत नाहीत, टोमणे मारत नाहीत. शेजारणी मला म्हणतात, सुटलीस बाई.

गेल्या आठवड्यात मी ओट्याशी भाकरी थापत होते. त्या भिंतीच्या आधारानं आल्या, चहा ठेवायचा असावा. शेगडी चालू आहे का बंद, हे त्यांना कळत नव्हतं. मी हातभर अंतरावर उभी होते, बांगड्या वाजत होत्या, मी आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही. हात पुढं केला आणि शेगडीवर ठेवून बघितला. बधिर बोटांना जाळ कळायलाही वेळ लागला. मी धावून हात ओढला, नळाखाली धरला, ओरडले, रडले, म्हणाले, आत्याबाई, मी हितंच हाय की, मला इचारायचं हुतं. त्यांनी हात सोडवून घेतला, पदरात गुंडाळला आणि भिंत चाचपत परत गेल्या.